राजीनामा दिलाय, पण शेवटचा दिवस लिहिलाय कुठे?

प्रश्न: नाशिकच्या अंबडमधल्या एका कंपनीत क्वालिटी इंजिनिअर आहे, सव्वातीन वर्षं झाली. ३ मार्च २०२६ ला मेलवर राजीनामा दिला, नोटीस ६० दिवसांची. साहेब तोंडी म्हणाले, "एप्रिलअखेर सोडतो." लेखी काहीच नाही. पुण्यात ४ मेला जॉइन व्हायचंय. त्यांना राजीनामा स्वीकारल्याचं पत्र आणि रिलिव्हिंग लेटर दोन्ही हवंय, शेवटचा दिवस आणि 'रेकॉर्ड स्वच्छ' असं लिहिलेलं. आमचा एचआर म्हणतो, रिलिव्हिंग फुल अँड फायनलनंतर, ४५ दिवसांनी. २७ ते २९ एप्रिल पुण्यात घर बघायला रजा टाकलीय. २०२४ मध्ये उशिरा येण्यावरून एक मेमो मिळाला होता, त्याची भीती वाटते. काय करू?

उत्तर:

४५ दिवसांचं थोडा वेळ बाजूला ठेवू, त्यातून वाट निघते. तुमची खरी अडचण वेगळीच आहे. तुमचा शेवटचा दिवस कोणता, हे कंपनीने आजवर एकाही कागदावर लिहिलेलं नाही. साहेब बोलले ते मनापासून बोलले असतील, पण रिलिव्हिंग लेटर साहेब काढत नाहीत. ते एचआरचा कुणीतरी काढतो, समोर मस्टर आणि तुमची पर्सनल फाइल ठेवून. त्या फाइलमध्ये आज तुमच्या राजीनाम्याच्या मेलखेरीज काही नाही. मग तो तारीख कुठून आणणार? टाइम ऑफिसच्या शेवटच्या पंचवरून आणेल, नाही तर ज्या दिवशी पत्र टाइप करतोय त्या दिवसाची घालेल. या दोन्ही तारखा तुम्हाला गोत्यात आणू शकतात.

मी सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत एचआरचं काम करते. नोकरी सोडून गेलेला माणूस सहा महिन्यांनी पुन्हा दारात उभा राहतो, तो बहुतेक वेळा पैशासाठी नसतो. तारखेसाठी असतो. म्हणून आधी तारखेचंच बघू.

नोटिशीचा हिशोब स्वतः मांडा, कारण उद्या कुणी विचारलं तर उत्तर तुमच्याकडे पाहिजे. राजीनाम्याचा दिवस सोडून ४ मार्चपासून मोजलं तर मार्चचे २८ दिवस, एप्रिलचे ३०, झाले ५८. साठावा दिवस येतो २ मेला. म्हणजे ३० एप्रिलला सुटलात तर नोटीस दोन दिवसांनी कमी पडते. दोनच दिवस आहेत, कुणी लक्ष देणार नाही असं वाटतं, पण नेमकं हेच दोन दिवस पुढे 'नोटीस पूर्ण केली नाही' अशा शेऱ्याचं रूप घेतात. त्यांचं काय करायचं याच्या तीन वाटा असतात. कंपनी ते माफ करते, शिल्लक रजेत वळते करते किंवा त्यांचा पगार कापते. तिन्ही चालतील, फक्त कुठली वाट धरली ते लिहिलेलं हवं. कापायचेच झाले तर रक्कम नेमणूकपत्रावर अवलंबून असते. समजा तुमचा एकूण पगार ३९,००० आणि त्यातला बेसिक १९,५०० आहे. वसुली एकूण पगारावर आणि तीस दिवसांच्या भागाकाराने असेल तर २,६०० रुपये होतात, फक्त बेसिकवर असेल तर १,३००. काही कंपन्या २६ ने भागतात, मग आकडा थोडा चढतो. नेमणूकपत्र काढून 'नोटिशीऐवजी पगार' या कलमात कुठला शब्द आहे ते आजच बघा. एवढ्या रकमेवरून मी तरी भांडणार नाही. माफी मिळत नसेल तर कापून घ्या म्हणा आणि तारीख पदरात पाडून घ्या.

आता रजा. तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही. २७, २८, २९ सोमवार ते बुधवार आहेत आणि ३० ला गुरुवार. तुम्ही रजा 'टाकली' आहे म्हणता, ती मंजूर झाली का? बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत नोटीसकाळात घेतलेली रजा नोटिशीत धरत नाहीत, तेवढे दिवस नोटीस पुढे सरकते. मंजुरी लेखी नसेल तर ते तीन दिवस मस्टरवर गैरहजेरी म्हणून पडतात, आणि मग दोन गोष्टी होतात. एक तर कुणीतरी शेवटचा हजर दिवस म्हणून त्या आधीच्या आठवड्यातली तारीख घालतो. दुसरं म्हणजे नोटीसकाळातली विनापरवाना गैरहजेरी हा तुमच्या स्वच्छ रेकॉर्डवरचा ताजा डाग ठरतो, २०२४ च्या मेमोपेक्षा कितीतरी ठळक. माझं ऐकाल तर घर बघायला एखाद्या साप्ताहिक सुट्टीला जा, नाही तर १ मेला जा. तेव्हा तुम्ही मोकळेच असाल. रजा घ्यायचीच असेल तर मंजुरीच्या मेलमध्ये 'यामुळे शेवटचा दिवस बदलत नाही' हे वाक्य मागून घ्या. आणि काहीही झालं तरी ३० ला हजर राहा, सकाळचा आणि संध्याकाळचा दोन्ही पंच पडू द्या. शेवटचा दिवस रजेवर काढणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. ओळखपत्र, गेटपास, स्टोअरची सही सगळंच त्यांचं लटकतं.

स्वीकृतीपत्र मिळत नाही म्हणून गप्प बसू नका, आणि "पत्र द्या, पत्र द्या" अशी भुणभुणही लावू नका. एचआरवाल्याला कोरा कागद भरायचा कंटाळा असतो, तयार मजकुरावर 'मान्य' म्हणायचा नसतो. आज एक मेल एचआरला करा, साहेबांना आणि प्लँट हेडला प्रत ठेवा. इंग्रजीत लिहा, कारण फाइलमध्ये तेच चालतं, पण मजकूर असा ठेवा:

"माझ्या ३ मार्च २०२६ च्या राजीनाम्यासंदर्भात विभागप्रमुखांशी झालेल्या बोलण्यानुसार माझा शेवटचा कामाचा दिवस ३० एप्रिल २०२६ ठरला आहे. त्याप्रमाणे मी कामाचा ताबा देण्यास सुरुवात केली आहे. नोटिशीतील उरलेले दोन दिवस माफ करावेत किंवा नियमाप्रमाणे अंतिम हिशोबात धरावेत. कृपया राजीनामा स्वीकारल्याचे व वरील तारखेचे लेखी उत्तर द्यावे."

राजीनामा कंपनीच्या पोर्टलवरही टाकला असेल तर तिथली 'मंजूर' दाखवणारी स्थिती तारखेसकट जपून ठेवा. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर हाच मजकूर कागदावर दोन प्रतींत घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायलाही नकार मिळाला, तर कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. बहुतेक ठिकाणी एवढी वेळ येत नाही. प्लँट हेडला प्रत गेली की उत्तर येतं.

उत्तर आलं की घाईने धन्यवाद म्हणू नका, आधी नीट वाचा. चांगल्या स्वीकृतीपत्रात चार गोष्टी दिसतात: राजीनाम्याची तारीख, तो स्वीकारल्याचा स्पष्ट उल्लेख, '३० एप्रिल २०२६ रोजी कामकाजाची वेळ संपल्यावर मुक्त' असे शब्द आणि नोटिशीतल्या दोन दिवसांचं काय झालं ते. 'कामकाजाची वेळ संपल्यावर' हे शब्द मी मुद्दाम मागायला सांगते. नुसतं '३० एप्रिलपासून मुक्त' लिहिलं की ३० तारीख सेवेत धरायची की नाही यावर वाद होतो. मग पगारपत्रक एक सांगतं आणि पत्र दुसरंच. 'तुमचा राजीनामा मिळाला, पुढील कार्यवाही सुरू आहे' असं उत्तर आलं तर ती फक्त पोच समजा. ते पुण्याला पाठवून उपयोग नाही.

ही तारीख इतकी का धरून ठेवायची, त्यासाठी एक उदाहरण देते. कंपनीचं नाव घेत नाही. सिन्नरकडच्या एका कारखान्यातला मेंटेनन्स सुपरवायझर १५ जूनला सुटला आणि १७ जूनला दुसरीकडे लागला. जुन्या कंपनीने रिलिव्हिंग काढलं २० जुलैला, म्हणजे हिशोब झाल्यावर, आणि मजकुरात छापील वाक्य तसंच राहिलं: 'आपणास आजपासून सेवेतून मुक्त करण्यात येत आहे.' पीएफच्या पोर्टलवरही क्लार्कने पत्र समोर ठेवून बाहेर पडल्याची तारीख २० जुलैच भरली. तीन महिन्यांनी नव्या कंपनीची पडताळणी झाली. कागदोपत्री हा माणूस महिनाभराहून जास्त काळ दोन ठिकाणी नोकरीला होता. त्याचं कन्फर्मेशन थांबलं आणि लेखी खुलासा मागितला गेला.

त्याला सोडवलं ते १५ जूनचा उल्लेख असलेल्या दोन ओळींच्या स्वीकृतीच्या मेलने. सोबत जूनचं पगारपत्रक होतं, त्यात पंधराच दिवसांचा पगार. ही दोन्ही दाखवल्यावर जुन्या कंपनीने दुरुस्त पत्र दिलं. पीएफची तारीख मात्र सहज बदलत नाही. त्यासाठी बऱ्याच वेळा कर्मचारी आणि कंपनी दोघांनी मिळून जॉइंट डिक्लरेशन करावं लागतं, आणि जुन्या कंपनीच्या क्लार्कला त्याची काय घाई असणार? तो मेल नसता तर दुरुस्त पत्रही मिळालं असतं की नाही, मला शंका आहे.

म्हणून रिलिव्हिंगवर दोन तारखा असतात हे ध्यानात ठेवा. वरच्या कोपऱ्यातली तारीख पत्र काढल्याची, ती १५ जून असो की ३० जून, काही बिघडत नाही. मजकुरातली तारीख मुक्त केल्याची, ती ३० एप्रिलच पाहिजे.

आता तुमच्या एचआरच्या ४५ दिवसांकडे येते. त्याने दोन गोष्टी एकात बांधल्या आहेत, त्या सुट्या करा. पैशाचा हिशोब एक, आणि तुमच्याकडे कंपनीचं काही अडकलेलं नाही याची खात्री दुसरी. रिलिव्हिंगला खरं तर दुसरीच लागते. पैशाचं म्हणाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, आणि तिच्या कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचं देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. तेव्हा 'आमची ४५ दिवसांची पद्धत आहे' हे वेतनाच्या बाबतीत टिकत नाही. पण या कलमात रिलिव्हिंग लेटरचा शब्द नाही, हेही सांगून ठेवते. कायद्याचं कलम तोंडावर फेकून पत्र मिळत नाही. मी स्वतः एचआरच्या खुर्चीत बसते म्हणून सांगते, कलम ऐकलं की माणूस फाइल वकिलाकडे पाठवतो आणि तुमचे ४५ चे ९० होतात.

त्यापेक्षा नो ड्यूज फॉर्म आत्ताच हातात घ्या, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. क्वालिटीच्या माणसाचं घोडं नेहमी गेजवर अडतं. तुमच्या नावावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, कदाचित एखादा बोअर गेज चढवलेला असेल. प्रत्यक्षात ते दुसऱ्या शिफ्टच्या इन्स्पेक्टरच्या ड्रॉवरमध्ये पडलेले असतात. स्टोअरवाला विचारतो, "साहेब, हा व्हर्निअर तुमच्या नावावर आहे, कुठाय?" आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. कॅलिब्रेशनच्या यादीतला ओळख क्रमांक बघून एकेक वस्तू शोधा आणि ज्याच्याकडे आहे त्याच्या नावावर रजिस्टरमध्ये वर्ग करून त्याची सही घ्या. ग्राहकांच्या तक्रारींच्या उघड्या फाइली आणि ग्राहकांच्या पोर्टलचे लॉगिन कुणाला दिले, याची एक पानी ताबायादी करा, साहेबांची सही घ्या. लॅपटॉप, कँटीनची उधारी, सेफ्टी शूज, ओळखपत्र हे तसं सोपं. २४ एप्रिलपर्यंत ओळखपत्र आणि लॅपटॉप सोडून सगळ्या सह्या झाल्या पाहिजेत. ते दोन ३० ला संध्याकाळी.

भरलेला फॉर्म घेऊन एचआरकडे गेलात की बोलणं बदलतं. म्हणा, "साहेब, हिशोब तुमच्या वेळेने होऊ द्या, पण माझ्याकडे कंपनीचं काही नाही, सगळ्यांच्या सह्या आहेत. रिलिव्हिंग ३० ला द्याल का?" बरेच जण देतात. नाहीच दिलं तर 'रिलिव्हिंग अंतिम हिशोबानंतर अमुक तारखेपर्यंत देऊ' एवढं मेलवर घ्या.

आणि तोच मेल पुण्याला पाठवा. पुण्याच्या एचआरला हा प्रकार नवा नाही. त्यांच्या यादीत दोन्ही पत्रं असली तरी जॉइनिंगच्या दिवशी स्वीकृतीपत्र, शेवटची तीन पगारपत्रकं आणि 'रिलिव्हिंग अमुक दिवसांत सादर करीन' असं हमीपत्र घेऊन बहुतेक कंपन्या रुजू करून घेतात. ४ मेला गेटवर विचारत बसण्याऐवजी आत्ताच त्यांना लिहून विचारा. त्यांनी मुदत दिली तर तुमच्या जुन्या कंपनीच्या ४५ दिवसांपेक्षा ती जास्त आहे ना, तेवढं बघा. १ मेपासून ४५ दिवस म्हणजे १४ जून, रविवार. म्हणून जूनअखेरपर्यंतची मुदत मागा.

आता 'रेकॉर्ड स्वच्छ' आणि तुमचा मेमो. याने जेवढी झोप उडते तेवढं त्यात काही नसतं, पण वाक्य नीट निवडावं लागतं. एचआर सही करतो ती फाइलमध्ये जे आहे त्यावर. 'सेवाकाळात त्यांच्यावर कधीही कोणतीही कारवाई झाली नाही' हे वाक्य मागितलंत तर तो मेमो काढून दाखवेल, आणि त्याचं बरोबर असेल. मागायचं वाक्य हे: 'कंपनीच्या नोंदींप्रमाणे त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कोणतीही कारवाई प्रलंबित नाही.' मेमो असूनही हे शंभर टक्के खरं आहे, अट एवढीच की तो मेमो मिटलेला असला पाहिजे. तुम्ही त्याला उत्तर दिलं होतं का? दिलं असेल तर त्याची प्रत काढा. मेमोऐवजी ती कारणे दाखवा नोटीस असेल आणि उत्तरच दिलेलं नसेल, तर कागदावर ते प्रकरण आजही उघडं आहे. एचआरला विनंती करून त्यावर 'खुलासा मिळाला, प्रकरण बंद' असा शेरा घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या उशिरा येण्यावर कुणी चौकशी लावत बसत नाही. खरी चौकशी सुरू असती, आरोपपत्र दिलेलं असतं, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा सेवानियमांवर बोट ठेवून कंपनी राजीनामाच रोखू शकते, आणि तुम्हाला माझ्याकडे नव्हे, वकिलाकडे जावं लागलं असतं.

असंच दुसरं वाक्य म्हणजे 'त्यांच्याकडून कोणतेही येणे नाही'. हिशोब व्हायच्या आधी यावर कुणी सही करणार नाही, कारण ते दोन दिवस अजून हवेत आहेत. ३० एप्रिलला पत्र हवं असेल तर 'कंपनीची कोणतीही वस्तू अथवा कागदपत्र त्यांच्याकडे बाकी नाही' एवढंच मागा, ते नो ड्यूज फॉर्मवरून लिहिता येतं. सगळं धरून रिलिव्हिंगचा गाभा असा दिसेल:

"श्री. … यांनी … पासून ३० एप्रिल २०२६ पर्यंत क्वालिटी इंजिनिअर या पदावर काम केले. त्यांनी स्वतःहून दिलेला राजीनामा स्वीकारून त्यांना ३० एप्रिल २०२६ रोजी कामकाजाची वेळ संपल्यावर सेवेतून मुक्त करण्यात आले. कंपनीच्या नोंदींप्रमाणे त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची कोणतीही कारवाई प्रलंबित नाही व कंपनीची कोणतीही वस्तू त्यांच्याकडे बाकी नाही."

यात 'स्वतःहून दिलेला राजीनामा' हे शब्द सोडू नका. 'सेवा समाप्त करण्यात आली' किंवा 'नाव मस्टरवरून कमी करण्यात आले' असं आलं तर पत्र परत करा. ऐकायला दोन्ही साधी वाटतात, पण वाचणारा त्यातून 'काढलं' किंवा 'न सांगता गेला' असंच काढतो. वर्तणूक 'समाधानकारक' लिहिली तर तीही घ्या. 'उत्कृष्ट' लिहिलं नाही म्हणून हिरमुसू नका, अनुभवी एचआर ते विशेषण वाचतही नाही. सुरुवातीला ट्रेनी म्हणून लागला असाल तर तो काळ सेवेत धरलाय ना, रुजू झाल्याची तारीख नेमणूकपत्राशी जुळते ना, तेवढं बघा.

आणि पत्र कितीही छान असलं तरी पुण्याची पडताळणी एजन्सी ते फक्त ताडून पाहणार. ती तुमच्या एचआरला मेल करून विचारते: कधीपासून कधीपर्यंत, पद काय, सोडण्याचं कारण, काही प्रलंबित आहे का, परत घ्याल का. त्याचं उत्तर एचआरच्या सिस्टीममधून जातं. तिथे 'राजीनामा' हेच कारण आणि ३० एप्रिल हीच तारीख पडली आहे का, हे शेवटच्या दिवशी गोडीत विचारून घ्या. शिवाय नाशिक लहान आहे. निमा-आयमा या उद्योजक संघटनांच्या बैठकांत एचआरची माणसं शेजारी-शेजारी बसतात, आणि पडताळणीचा अर्ज येण्याआधी एखादा फोन होऊन गेलेला असतो. त्या फोनवर काय बोललं जातं ते तुम्ही नोटीसकाळात कसे वागलात यावर ठरतं, म्हणून उरलेले दिवस आठच्या ठोक्याला हजर राहा. तुम्हाला मेमोही त्याच कारणाने मिळाला होता.

तुमचं पद आणि कागद माझ्या अंदाजापेक्षा वेगळे असतील तर थोडं बदलेल. तुमची नेमणूक कंपनीची नसून ठेकेदाराची असेल तर दोन्ही पत्रं ठेकेदाराची लागतील, कंपनीच्या लेटरहेडवर मिळणार नाहीत. नेमणूकपत्रात बाँड असेल, किंवा कंपनीने नोटीस कमी करायला साफ नकार देऊन २ मेवरच बोट ठेवलं, तर हट्ट सोडा आणि २ मे मान्य करा. तुमचं जॉइनिंग ४ ला आहे, अडत काहीच नाही. मात्र मग मेलमधली प्रत्येक ३० एप्रिल बदलून २ मे करा. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी असं नको.

कंपनीचा मेल आयडी ३० ला संध्याकाळी बंद होईल. राजीनामा, स्वीकृती, रजेची मंजुरी आणि रिलिव्हिंगचं आश्वासन, एवढेच स्वतःच्या नोकरीचे मेल आधी वैयक्तिक पत्त्यावर घ्या. ड्रॉइंग, रिपोर्ट, ग्राहकांची यादी यातलं काहीही पाठवू नका. शेवटच्या आठवड्यात आयटीवाले नेमकं हेच तपासतात, आणि मेमोला पुरून उरेल असा डाग त्यातून लागतो.

पीएफचं एक काम पुढे राहतं. जूनच्या सुरुवातीला पीएफच्या सदस्य पोर्टलवर `View` मध्ये `Service History` उघडून जुन्या कंपनीपुढे बाहेर पडल्याची तारीख ३० एप्रिल आली आहे का बघा. चुकीची आली असेल तर त्याच दिवशी एचआरला स्वीकृतीपत्र जोडून मेल टाका, जॉइंट डिक्लरेशनची विनंती करा. रकाना कोराच असेल तर घाबरू नका. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने झाले की `Manage` मधल्या `Mark Exit` वर जाऊन तुम्ही स्वतः तारीख भरू शकता, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. तुमची शेवटची वर्गणी एप्रिलची, म्हणजे हे साधारण जुलैत जमेल. तारीख शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच घेतली जाते आणि एकदा भरली की सहज बदलता येत नाही, म्हणून पत्र समोर ठेवून भरा.

जून संपूनही रिलिव्हिंग आलं नाही तर इथेच खाली लिहा, सोबत कंपनीने कबूल केलेल्या तारखेचा मेल आहे की नाही तेही सांगा. पुढचं पत्र कुणाला आणि कुठल्या भाषेत लिहायचं ते त्यावर ठरेल.